बाळाला शेंगदाण्याचं कूट कधी सुरू करावं? मोठ्या बहिणीला काजूची ॲलर्जी आहे

कोरेगावची_आत्या

भावाचा मुलगा साडेपाच महिन्यांचा झालाय. गालांवर, कोपराच्या खळीत आणि गुडघ्यांच्या मागे इसब आहे, आतापर्यंत दोनदा स्टेरॉइडचं मलम लावावं लागलं. त्याची मोठी बहीण साडेचार वर्षांची. तिने काजूकतली खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, मग उलटी झाली. शेंगदाणा मात्र ती रोज खाते, कूट, चटणी, चिक्की, सगळं. तिला त्याने काहीच होत नाही.

आता घरात वाद चाललाय. वहिनीची मावशी बरीच वर्षं ब्रिटनमध्ये राहिली. ती म्हणते, ज्या घरात ॲलर्जी आहे तिथे बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवायचासुद्धा नाही, तिच्या मुलांच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, सहा महिने झाले की लगेच सुरू करा. दोघं इतकं उलट कसं सांगतात? मुलीला काजू चालत नाही म्हणजे बाळाला शेंगदाणाही धोक्याचा आहे का? आणि द्यायचाच तर नेमका किती आणि कसा? आई बाळाला रोज घाण्याच्या गोड्या तेलाने मालिश करते, हेही सांगून ठेवते.

सांगलीकर_सुहास

काजू काय, शेंगदाणा काय, अक्रोड काय, सगळी प्रोटीनच. एकाची ॲलर्जी असेल तर शरीर दुसऱ्यालाही ओळखणारच. मुलीचाही शेंगदाणा बंद करा आणि बाळाला तर देऊच नका. द्यायचाच झाला तर उकडलेल्या शेंगा द्या, उकडल्यावर ॲलर्जीचा भाग निघून जातो.

शाहूपुरीची_सई

आत्याताई, आमच्याकडे बाळगुटीत बदाम उगाळून देतात, शिवाय खारीक, हळकुंड, मुरडशेंग. त्याने कधी काही झालं नाही. बदाम सालासकट उगाळायचा की भिजवून साल काढून?

निशिगंध_मिरज

सुहासराव, मुलीचा शेंगदाणा बंद करायला सांगू नका, ते तिच्यासाठी नुकसानीचं आहे. त्याकडे खाली येते. आधी क्रॉस-रिॲक्शन, म्हणजे एका पदार्थाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू होणं, नेमकी कशी होते ते सांगते, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी तयार झालेली असते. ती त्वचा, आतडी आणि श्वासनलिका इथल्या मास्ट पेशींवर चिकटून बसते. पदार्थ पुन्हा पोटात गेला की त्यातलं प्रोटीन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी धरतं, त्यांना जोडतं, आणि पेशी फुटून हिस्टामीन बाहेर पडतं. गांध्या, सूज, उलटी, दम, रक्तदाब उतरणं हे सगळं तिथून सुरू होतं. यात दोन गोष्टी जमून याव्या लागतात. प्रोटीनला आयजीई पकडेल अशा किमान दोन जागा हव्यात, आणि ते पचनातून साबूत सुटायला हवं.

शेंगदाण्यातली बहुतेक गंभीर रिॲक्शन अरा एच 2 आणि अरा एच 6 या दोन लहान प्रोटीनांमुळे होते. त्यांची साखळी आडव्या बंधांनी अशी जखडलेली असते की दाट टाक्यांच्या गोधडीसारखी ती भाजून किंवा पोटातल्या आम्लानेही सहजासहजी उसवत नाही. काजूमध्ये याच कुटुंबातलं प्रोटीन आना ओ 3 आहे. घडण साधारण तीच, पण आयजीई ज्या जागा पकडते त्या बऱ्याच वेगळ्या. म्हणून काजूविरुद्धची अँटिबॉडी शेंगदाण्याला धरेलच असं नाही, आणि धरली तरी इतकी सैल धरते की पेशी फुटत नाही.

काजू आणि पिस्त्याची गोष्ट निराळी. दोन्ही झाडं एकाच कुळातली, प्रोटीनं जवळजवळ जुळी. पिस्त्याची ॲलर्जी असलेला जवळपास प्रत्येक माणूस काजूलाही रिॲक्शन देतो. उलट दिशेने प्रमाण थोडं कमी असलं तरी बरंच आहे. तसंच अक्रोड आणि पेकनचं. तेव्हा आत्याताई, मुलीला काजूबरोबर पिस्ताही बंद करा, तपासणी होईपर्यंत तरी. ती शेंगदाणा रोज खाते आणि तिला काही होत नाही, याहून मोठा पुरावा कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. तो चालूच ठेवा.

अण्णा_तासगाव

काजूच्या कुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आंबा आणि बिब्बाही त्याच कुळातले. बिब्बा उततो, काजूगराची टरफलं सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात, आंब्याच्या चिकाने ओठ फुटतात. म्हणजे काजूच्या ॲलर्जीवाल्या मुलीला आंबाही वर्ज्य समजायचा का?

निशिगंध_मिरज

नाही अण्णा. कुळ बरोबर ओळखलंत, पण बिब्बा उतण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. बिब्ब्याच्या, काजूच्या टरफलाच्या आणि आंब्याच्या चिकातला तेलकट भाग त्वचेला भाजतो, आणि काहींच्या शरीराच्या संरक्षण करणाऱ्या टी पेशी त्याला सरावून दोन-तीन दिवसांनी पुरळ उठवतात. तिथे आयजीईचा संबंध नसतो. काजूगरात ते तेल जवळजवळ नसतं आणि मुलीची रिॲक्शन काजूगराच्या प्रोटीनला आहे. काजूची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं आंब्याचा गर निवांत खातात. ती आजवर खात आली असेल तर यंदाही खाऊ दे.

रेठरेकर

डॉक्टर, आमची अडचण थोडी वेगळी आहे. सात वर्षांच्या मुलाला सर्दी-शिंकांचा त्रास म्हणून कोणीतरी रक्ताचं मोठं पॅनेल करायला लावलं. शेंगदाणा, हरभरा, मसूर, बदाम अशा बऱ्याच पदार्थांपुढे पॉझिटिव्ह आलं आणि खाली "टाळा" असं छापलेलं. तो रोज वरण खातो, शेंगदाण्याची चटणी खातो. सगळं बंद करायचं का?

निशिगंध_मिरज

रोज खाऊन त्याला काही होत नसेल तर एकही पदार्थ बंद करू नका. रक्तात आयजीई सापडणं वेगळं आणि ॲलर्जी असणं वेगळं. शेंगदाणा, हरभरा, मसूर एकाच शेंगवर्गातले, त्यांच्या साठवणीच्या प्रोटीनांत साम्य असतं. शिवाय परागकण आणि कडधान्यं दोन्हींत सापडणाऱ्या साखरेच्या साखळ्यांनाही काही अँटिबॉडी चिकटतात. त्यामुळे पॅनेल पॉझिटिव्ह दाखवतं, पेशी मात्र फुटत नाही. शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असलेल्यांतही बहुतेकांना डाळी चालतात. म्हणून आधी काय खाल्लं आणि काय झालं हे विचारायचं, मग त्या एकाच पदार्थाची चाचणी. खाऊन काहीच न झालेल्या पदार्थाची चाचणी लावायचीच नाही.

आणि एक काळजी. ज्याच्या अंगावर इसब आहे अशा मुलाचा चालू पदार्थ कागद बघून महिनोन् महिने बंद ठेवला, तर पुढे तो परत सुरू करताना खरी रिॲक्शन येण्याचा धोका असतो.

पूर्वा_वाई

आत्याताईंचा पहिला प्रश्न मागे राहिलाय, तीन वर्षं थांबा आणि सहा महिन्यांत सुरू करा, इतका उलट सल्ला का. मावशीबाई चुकीचं सांगत नाहीत, त्यांच्या वेळी खरंच तोच नियम होता. ब्रिटनमध्ये 1998 मध्ये ॲलर्जीच्या घरातल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळा असा सल्ला निघाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये तसंच सांगितलं. त्यामागची कल्पना अशी की तान्ह्याचं आतडं कच्चं असतं, अख्खं प्रोटीन आत जातं, म्हणून ते पक्कं होईपर्यंत थांबा. ऐकायला पटतं, पण त्यामागे प्रयोगाचा पुरावा फारसा नव्हता. टाळूनही ॲलर्जी कमी झाली नाही. अमेरिकेने 2008 मध्ये आणि ब्रिटनने 2009 मध्ये तो सल्ला मागे घेतला. मात्र तेव्हा लवकर द्या असं कोणी म्हटलं नाही, थांबण्याचा फायदा दिसत नाही एवढंच म्हटलं.

पुढचा धागा इस्रायलमधून मिळाला. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या ज्यू शाळकरी मुलांची इस्रायलमधल्या मुलांशी तुलना केली, ती 2008 मध्ये छापून आली. वंशाने दोन्ही गट जवळचे, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी 1.85 टक्के आणि इस्रायलमध्ये 0.17. तिथली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात, ब्रिटनची बाळं त्या वयात शेंगदाण्याला तोंडही लावत नव्हती. पण एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, दोन देशांत दुसरे शंभर फरक असू शकतात.

म्हणून त्याच गटाने लीप नावाचा प्रयोग केला. निकाल 2015 मध्ये आला. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली, सगळ्यांना जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना शेंगदाणा बंद, निम्म्यांना आठवड्यात 6 ग्रॅम शेंगदाणा-प्रोटीन, तीन किंवा जास्त जेवणांत विभागून. पाच वर्षांचं वय झाल्यावर सगळ्यांना तपासलं. सुरुवातीला ज्यांची त्वचाचाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यात टाळणाऱ्यांपैकी 13.7 टक्के मुलांना ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्यांपैकी 1.9 टक्के. चाचणी थोडी पॉझिटिव्ह असलेल्यांत 35.3 विरुद्ध 10.6. चिठ्ठीने वाटणी केली असल्यामुळे फरक खाण्यामुळेच पडला असं म्हणता येतं. 2017 मध्ये अमेरिकेचं मार्गदर्शन उलटं झालं ते यामुळे.

अण्णा_तासगाव

पूर्वाताई, हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दाण्याचं कूट पहिल्या वर्षातच पोटात जातं, आमटीत, भाजीत, खिचडीत. गोड्या तेलाची मालिशही होते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं नाव आमच्या लहानपणी कोणी ऐकलं नव्हतं.

निशिगंध_मिरज

अण्णा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी कमी दिसते आणि शेंगदाणा लवकर सुरू होतो. पण पहिली दुसरीमुळेच आहे, असं ठामपणे म्हणायला आपल्याकडे लीपसारखा प्रयोग झालेला नाही. जंत, मातीशी संबंध, इसबाचं कमी प्रमाण, यातलं काहीही कारण असू शकतं. हा मुद्दा मी उघडाच ठेवते.

मालिशीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, कारण या बाळाला इसब आहे. लॅक यांनी 2003 मध्ये ब्रिस्टलच्या भागातल्या मुलांचा अभ्यास छापला होता. शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांना तान्हेपणी पुरळावर शेंगतेल असलेली मलमं जास्त लावली गेली होती. त्यातून पुढे मांडणी झाली की प्रोटीन फाटलेल्या त्वचेतून आधी आत गेलं तर ॲलर्जीकडे ढकलतं आणि तोंडाने आधी गेलं तर सवयीकडे.

कारण असं. इसब असलेली त्वचा दुखावलेली असते आणि तिथल्या पेशी सतत धोक्याचे संदेश सोडतात. त्या वातावरणात कोणतंही परकं प्रोटीन शिरलं की शरीर त्याला शत्रू मानून आयजीई तयार करतं. आतड्यात मात्र अन्नाला शांतपणे स्वीकारायला शिकवणाऱ्या टी पेशी बसलेल्या असतात. रोज थोडं थोडं प्रोटीन तिथे गेलं की त्या आवर घालतात आणि आयजीईच्या जोडीला आयजीजी 4 नावाची थोपवणारी अँटिबॉडी वाढते. लीपमधल्या खाणाऱ्या मुलांत ती वाढलेली दिसली.

आपल्या स्वयंपाकघरात कूट भाजताना, दळताना हवेत उडतं आणि धुळीत बसतं. म्हणजे तुम्ही बाळाच्या तोंडात शेंगदाणा टाळला तरी इसबाच्या त्वचेवर तो रोज पडतोच आहे. तीन वर्षं टाळण्याचा सल्ला इथेच फसला असावा. त्वचेचा रस्ता उघडा राहिला आणि तोंडाचा बंद केला.

घाणा_कराड

माझा लाकडी घाणा आहे, म्हणून तेलाबद्दल बोलतो. घाण्याचं गोडंतेल आम्ही गाळून देतो, तरी त्यात दाण्याचा बारीक गाळ राहतोच, दोन दिवसांत बाटलीच्या तळाशी दिसतो. कारखान्याचं रिफाइंड तेल गरम वाफेने आणि रसायनांनी इतकं धुतलेलं असतं की त्यात वासही राहत नाही. ॲलर्जीच्या दृष्टीने यात फरक पडतो का? गिऱ्हाईक विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

निशिगंध_मिरज

मोठा फरक पडतो, आणि हे तुम्ही विचारलंत याचा आनंद आहे. ब्रिटनमध्ये 1997 मध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या 60 मोठ्या माणसांना दोन्ही तऱ्हेचं तेल देऊन पाहिलं. रिफाइंड तेलाने एकालाही काही झालं नाही, कच्च्या तेलाने 6 जणांना रिॲक्शन आली. घाण्याचं तेल या कच्च्या तेलाच्या बाजूचं. तुमच्या तेलात खोट काही नाही, निरोगी माणसाला ते उत्तम. पण बाटलीवर "शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी वापरू नये" एवढी एक ओळ छापलीत तर फार उपयोग होईल.

आत्याताई, आईंना सांगा, मालिश बंद करायची गरज नाही, फक्त इसब असेपर्यंत त्यासाठी दाण्याचं, तिळाचं, बदामाचं तेल नको. बिनवासाचं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर लावा, आंघोळीनंतर तीन-चार मिनिटांत, अंग ओलसर असतानाच. लाल चट्ट्यांवर स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण लावा. अर्धवट सोडलं की त्वचेचा रस्ता परत उघडतो.

सांगलीकर_सुहास

माझा उकडलेल्या शेंगांचा मुद्दा राहिला. चीनमध्ये उकडून खातात, तिथे ॲलर्जी कमी आहे, असं मी वाचलंय.

पूर्वा_वाई

अर्धं बरोबर आहे, सुहासदादा. कोरडं भाजताना प्रोटीन आणि साखर जुळतात आणि आयजीई त्याला जास्त घट्ट पकडते. उकडताना अरा एच 2 चा बराच भाग पाण्यात उतरतो, म्हणून जोर कमी होतो. पण कमी होणं म्हणजे संपणं नव्हे. ॲलर्जी असलेल्याला उकडलेली शेंगही धोक्याची आहे. आणि बाळाला सवय लावण्यासाठी ज्या रूपात फायदा सिद्ध झाला ते वापरावं, ते म्हणजे भाजलेल्या दाण्याचं लोणी किंवा कुरकुरे. शिवाय आपल्या घरात पुढे आयुष्यभर भाजलेलंच कूट पोटात जाणार आहे.

कोरेगावची_आत्या

सगळ्यांचे खूप आभार. आता मनातली भीती सांगते. मुलीच्या वेळी जे झालं ते बाळाला पहिल्या घासाला झालं तर? घरी सुरू करायचं की दवाखान्यात? आणि काही दिवसांनी कंटाळा करून सोडलं तर?

निशिगंध_मिरज

तुमच्या बाळाचा इसब तुमच्या वर्णनावरून मध्यम वाटतो, पण ते प्रत्यक्ष पाहणारे डॉक्टरच ठरवतील. अमेरिकेच्या 2017 च्या मार्गदर्शनात जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी चाचणी करून 4 ते 6 महिन्यांत सुरू करा असं आहे. सौम्य किंवा मध्यम इसबाला साधारण सहाव्या महिन्यात घरीच, चाचणीशिवाय. बहिणीची काजूची ॲलर्जी एवढ्या एका कारणाने चाचणी लागत नाही. आपल्याकडे सहा महिने फक्त आईचं दूध हा नियम आहे आणि लीपमधली बाळं 11 महिन्यांपर्यंतची होती, त्यामुळे सहा पूर्ण होताच सुरू केलं तरी वेळ गेलेली नसते. सातवा, आठवा करत लांबवू नका.

मलम बंद केलं की इसब लगेच उसळतो असं असेल, तर मिरजेत किंवा साताऱ्यात त्वचाचाचणी करून घ्या. शेंगदाण्याच्या थेंबाजवळ उठलेला फोड 2 मिमीपर्यंत असेल तर सुरू करायला हरकत नसते. 3 ते 7 असेल तर पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. 8 किंवा जास्त असेल तर घरी अजिबात नाही, ॲलर्जी बहुधा झालेलीच असते. लीपमध्येही 4 मिमीहून मोठा फोड असलेली बाळं घेतली नव्हती, त्यामुळे तो फायदा त्यांना लागू करता येत नाही. चाचणीची तारीख दोन-तीन महिन्यांनी मिळत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, कारण वाट बघण्यातही धोका वाढतो.

पूर्वा_वाई

आता स्वयंपाकघरातलं माझ्याकडे. दाणे नवे आणि ठणठणीत घ्या. सुरकुतलेला, काळपट, कडवट किंवा बुरशीचा वास येणारा एकेक दाणा निवडून फेका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने जात नाही. मंद आचेवर भाजा, सालं पाखडून काढा, मिक्सरमध्ये कूट करा आणि तिथेच न थांबता तेल सुटून लोण्यासारखं होईपर्यंत फिरवा. भरड कूट बाळाला नको, कण श्वासनलिकेत जातात. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नाही. लोणी तसंच घट्ट चाटवायचं नाही, टाळूला चिकटतं.

एका वेळचा डोस 2 ग्रॅम प्रोटीनचा, म्हणजे साधारण 8 ग्रॅम दाणे. कूट असेल तर अडीच लहान चमचे, लोणी असेल तर दोन. चमचा 5 मिलीचा मापाचा, घरातले चहाचे चमचे लहानमोठे असतात. दोन चमचे लोण्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून पातळ करा आणि नाचणीच्या पेजेत किंवा मऊ भातात मिसळा. मीठ, गूळ, मध काही नको. आठवड्यातून तीनदा, म्हणजे आठवड्याला मूठभर, पंचवीसेक ग्रॅम दाणे झाले.

पहिल्या दिवशी बाळ ठणठणीत हवं, ताप-सर्दी नको, लस दिलेला दिवस नको. सकाळची वेळ, घरात दोन मोठी माणसं. चमच्याच्या टोकावर लागेल एवढंच द्या आणि दहा मिनिटं थांबा. काही नसेल तर उरलेलं हळूहळू भरवा आणि दोन तास लक्ष ठेवा. त्याआधी दोन-तीन साधे पदार्थ, भात, नाचणी, भाजीचा गर, खाऊन झालेले असावेत.

निशिगंध_मिरज

लागलेल्या अन्नाने ओठांभोवती थोडी लाली येते आणि वीस मिनिटांत जाते, ती एकटी असेल तर घाबरू नका. भरवण्याआधी हनुवटीवर मॉइश्चरायझर लावा म्हणजे ते टळतं. पण तोंडापासून लांब गांध्या, ओठ-डोळे सुजणं, पुन्हापुन्हा उलट्या यातलं काही दिसलं तर भरवणं थांबवा आणि दवाखाना गाठा. खोकला, घरघर, आवाज बसणं, बाळ फिकट किंवा लुळं पडणं, यापैकी काहीही असेल तर 108 ला फोन करा आणि बाळाला आडवं ठेवा, खांद्यावर उभं धरू नका. इथे उपाय अॅड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, दर किलोला 0.01 मिलिग्रॅम. सात किलोच्या बाळाला 1 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ॲम्प्यूलमधलं 0.07 मिली. ॲलर्जीचं सिरप गांध्या उतरवतं, श्वास आणि रक्तदाब वाचवत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. मोठ्या बहिणीसाठी डॉक्टरांकडून अॅड्रिनलिनची लेखी योजना आत्ताच घ्या, तिची रिॲक्शन झालेली आहे.

दोन तासांनंतर, किंवा त्याआधीही, बाळ एकामागून एक उलट्या करून मलूल झालं आणि अंगावर काहीच उठलं नाही, तर तोही ॲलर्जीचाच एक वेगळा प्रकार असू शकतो, त्यात आयजीई नसते आणि त्वचाचाचणी निगेटिव्ह येते. पुन्हा डोस देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

शाहूपुरीची_सई

मग बाळगुटीतला बदाम? तोही लवकर दिलेलाच झाला की.

पूर्वा_वाई

सईताई, साल काढण्याच्या प्रश्नाआधी हे सांगते, सहा महिन्यांच्या आत गुटी नकोच. सहाणेवर दोन वेढे उगाळल्यावर जे निघतं ते काही मिलिग्रॅम प्रोटीन असेल, आणि तेही कधी द्यायचं, कधी नाही. लीपमध्ये आठवड्याला 6 ग्रॅम होतं. इतक्या बारीक मात्रेने सवय लागते की नाही, हे दाखवणारा पुरावा मला माहीत नाही. सहा महिन्यांनंतर बदामाची वस्त्रगाळ पूड पेजेत द्या, चमच्याने मोजून.

रेठरेकर

आणि काजू? बहिणीला ॲलर्जी आहे म्हणजे बाळाला काजू लवकर द्यायचा की नाही? शेंगदाण्यासारखंच काजूलाही लागू आहे का?

निशिगंध_मिरज

अवघड प्रश्न आहे. शेंगदाण्यासारखा मोठा, चिठ्ठीने वाटणी केलेला प्रयोग काजूवर झालेला नाही. कारण तेच असेल तर फायदाही तसाच व्हावा, म्हणून ऑस्ट्रेलियात पहिल्या वर्षात सगळे ॲलर्जीकारक पदार्थ सुरू करायला सांगतात. माझा कलही तसाच आहे. पण ज्या घरात साडेचार वर्षांच्या मुलीला काजूने गांध्या आणि उलटी होते, तिथे काजूची पूड उघड्यावर मिक्सरमध्ये दळायची का, हे घरातल्या माणसांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. काही डॉक्टर बाळाला काजू दवाखान्यात सुरू करून मग मुलगी शाळेत असताना भरवायला सांगतात.

सांगलीकर_सुहास

भडंगात शेंगदाणे असतात आणि काही घरी काजूही टाकतात, म्हणून मुलीला बाहेरचं भडंग देताना विचारून घ्या. आणि निशिगंध मॅडम, मुलीचा शेंगदाणा बंद करा म्हणालो होतो ते मागे घेतो. पण एका मिक्सरच्या भांड्यात काजू आणि दाणे दळले तर?

निशिगंध_मिरज

तो खरा धोका आहे. प्रोटीन पात्याखालच्या खाचेत अडकतं, नुसतं विसळून जात नाही. मुलीसाठी दाण्याचं वेगळं भांडं ठेवा, त्यात काजू कधी नको. बाहेरची चिक्की किंवा लाडू कुठल्या भांड्यात झाले हे विचारता येत नाही, म्हणून तिचं शेंगदाण्याचं खाणं घरातलंच असू दे.

कोरेगावची_आत्या

लिहून घेतलंय. परवा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवतो, मालिशीचं तेल आजच बदललं. आईला समजावताना तुमचं त्वचेच्या रस्त्याचं उत्तर वाचून दाखवलं, तिला पटलं. एक राहिलं, ते सोडण्याचं. बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत आठवड्यातून तीनदा चालू ठेवायचं का?

पूर्वा_वाई

लीपमधल्या मुलांना पाच वर्षांनंतर एक वर्ष शेंगदाणा पूर्ण बंद ठेवून पाहिलं, 2016 मध्ये निकाल आला, बहुतेकांची सवय टिकून होती. पण पाच वर्षांच्या आत मधेच थांबवलं तर काय होतं ते त्यातून कळत नाही. म्हणून पाचपर्यंत नेमाने द्या. प्रवास किंवा आजारपणाने एखादा आठवडा चुकला तर घाबरू नका, पुढच्या आठवड्यात नेहमीच्याच मापाने सुरू करा. महिना-दोन महिन्यांचा खंड पडला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः मधे इसब उसळला असेल तर. एकदा सात-आठ महिन्यांचा झाला की वेगळं मोजायचीही फार गरज पडत नाही, भाजीत आणि खिचडीत बारीक कूट जातंच. फक्त आठवड्याला पंचवीस ग्रॅम त्याच्या वाट्याला येतंय ना, एवढं अधूनमधून बघा.